आरओच्या वार्षिक सर्व्हिस प्लॅनची कॅप्शन: आधी काय ठरवायचं, मग काय लिहायचं

वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस करणारी दुकानं एएमसीची पोस्ट टाकतात, तेव्हा कॅप्शन साधारण अशी असते: ‘वर्षभर सर्व्हिस आणि सर्व फिल्टर मोफत, फक्त २,४९९ रुपये. अटी लागू.’ मीही काही वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं. आठव्या महिन्यात वाघोलीच्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीला टँकरचं पाणी, मेम्ब्रेन पूर्ण गेलेलं. मेम्ब्रेनचे पैसे वेगळे पडतील म्हटल्यावर त्यांनी माझ्याच पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाल्या, “अहो, आम्ही घरात मशीनलाच फिल्टर म्हणतो. सर्व फिल्टर म्हणजे मग सगळंच नाही का?”

त्यांचं बरोबर होतं. आपण ‘फिल्टर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सेडिमेंट आणि कार्बन असतात. गिऱ्हाईक ‘फिल्टर’ म्हणतं तेव्हा भिंतीवरची अख्खी पेटी असते. त्या वर्षी ज्यांनी ती पोस्ट वाचून पैसे भरले होते, त्या सगळ्यांना लागेल तसं मेम्ब्रेन पदरच्या पैशांनी बसवून दिलं. तेव्हापासून कॅप्शन लिहिण्याचा क्रम बदलला. तो इथे पायरीपायरीनं देतो. उदाहरणाला एकच प्लॅन घेतला आहे: पुण्याच्या पूर्व भागात, जिथे बोअर आणि टँकरचं पाणी चालतं, तिथल्या घरगुती आरओचा, मेम्ब्रेन धरून.

## १. लिहायला बसण्याआधी जॉब कार्डं काढा

कॅप्शनमधला प्रत्येक आकडा तुमच्या जुन्या जॉब कार्डांतून यायला हवा. शेजारच्या दुकानाच्या पोस्टमधून घेतला, तर तो त्याच्या भागातल्या पाण्याचा आकडा असतो. पुण्यात महापालिकेचं धरणाचं पाणी येतं तिथे क्षार कमी असतात, मेम्ब्रेनवर ताण कमी पडतो. त्याच शहरात टँकरवरच्या सोसायटीत तेच मेम्ब्रेन निम्म्या वेळात दमतं. दोन्हीकडे एकाच दराचा प्लॅन दिला, तर एकात गिऱ्हाइकाचं नुकसान होतं आणि दुसऱ्यात तुमचं.

गेल्या वर्षातली वीस-पंचवीस कार्डं घ्या आणि प्रत्येकातून तीन गोष्टी उतरवा: वर्षात किती वेळा जावं लागलं, कोणते पार्ट बदलले, आणि आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती होता. कार्डावर टीडीएस लिहिलेलाच नसेल, तर प्लॅनची पोस्ट महिनाभर थांबवा. आधी प्रत्येक व्हिजिटला मीटर लावून नोंद करायची सवय लावा. हा आकडा हातात नसताना मेम्ब्रेन धरून प्लॅन विकणं धोक्याचं आहे.

तपासा: पहिल्या दोन गोष्टी किमान वीस मशीनच्या कागदावर आल्या का? नसतील तर दुसऱ्या पायरीतला हिशेब अंदाजाचा होईल.

## २. किंमत आधी कागदावर, मग पोस्टमध्ये

आमच्या उदाहरणातला हिशेब असा आहे. दर आमच्या खरेदीचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

मशीनच्या बाहेरच्या बाउलमधला स्पन प्रत्येक ठरलेल्या भेटीत बदलायचा. तीन भेटींचे तीन स्पन, ८० रुपयांप्रमाणे २४०. सेडिमेंट, कार्बन आणि पोस्ट कार्बनचा सेट वर्षातून एकदा, ५५०. मेम्ब्रेन १,१०० रुपयांचं, पण आमच्या कार्डांप्रमाणे दर दोन मशीनमागे एकालाच वर्षात लागलं, म्हणून एका प्लॅनवर ५५० धरले. तीन ठरलेल्या भेटी आणि सरासरी एक तक्रारीची भेट, सर्व्हिसला जाणाऱ्या मुलाचा वेळ आणि पेट्रोल धरून २०० रुपयांप्रमाणे ८००. पंप, अ‍ॅडॅप्टर, एसव्ही आणि यूव्ही ट्यूब यांच्यासाठी मिळून ३५०. बेरीज २,४९० रुपये. त्यावर दुकानाचं भाडं आणि नफा धरून प्लॅन ३,००० रुपयांचा झाला. १८ टक्के जीएसटी ५४० रुपये. गिऱ्हाइकाच्या हातात जाणारा आकडा ३,५४०.

पोस्टमध्ये हा शेवटचा आकडाच लिहायचा. ‘३,००० अधिक जीएसटी’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात तीन हजारच बसतात आणि बिलाच्या वेळी पाचशे चाळीस रुपयांवरून चेहरा बदलतो. घरगुती गिऱ्हाइकाला जीएसटीचा परतावा मिळत नाही. त्याच्यासाठी किंमत एकच, खिशातून जाते ती.

सावधान: तुमची जीएसटी नोंदणी नसेल, किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल, तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. अशा वेळी ‘जीएसटीसह’ आणि ‘अधिक जीएसटी’ हे दोन्ही शब्द कॅप्शनमध्ये नकोत. नुसती एकूण रक्कम लिहा.

## ३. काय धरलं आहे, ते नावानं लिहा

सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

‘सर्व पार्ट’, ‘फुल कव्हर’, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हे शब्द गाळा. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मध्ये एका दुकानाचं मेम्ब्रेन येतं, दुसऱ्याचं येत नाही. वाचणाऱ्याला हा फरक कळायचा काहीच मार्ग नसतो. त्याऐवजी पार्टची नावं एकामागून एक लिहा. लांबी वाढेल म्हणून घाबरू नका. ज्याला प्लॅन घ्यायचा आहे तो हाच भाग दोनदा वाचतो.

‘फिल्टर’ शब्द एकटा कधीही वापरू नका. ‘फिल्टर सेट’ लिहा आणि लगेच त्यात काय येतं ते सांगा: सेडिमेंट, कार्बन, पोस्ट कार्बन. मेम्ब्रेन त्यात येत असो वा नसो, त्याची ओळ वेगळी हवी. येत नसेल तर ‘मेम्ब्रेन या प्लॅनमध्ये नाही, लागल्यास इतके रुपये’ असं रकमेसह लिहा. रक्कम दिसली की लोक चिडत नाहीत, तुलना करतात. नसलेली गोष्ट लपवली की मात्र आठव्या महिन्यात स्क्रीनशॉट येतो.

न धरलेल्या गोष्टींची ओळही अशीच ठरलेल्या नावांची असावी. आमच्याकडे वाद होतात ते चार गोष्टींवर: मशीनची बॉडी आणि टाकी फुटणं, नळ तुटणं, उंदरानं पाइप कुरतडणं, आणि घर बदलल्यावर मशीन काढून दुसरीकडे बसवणं. हे चारच लिहितो. वीस अपवाद लिहिले तर कोणी वाचत नाही आणि प्लॅनवरचा विश्वासही जातो.

‘अटी लागू’ हे दोन शब्द काढूनच टाका. फसव्या जाहिरातींबाबतची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुलासा दाव्याच्या भाषेतच आणि दाव्याच्याच अक्षरात हवा. मराठीत ठळक ‘मेम्ब्रेनसह’ आणि खाली बारीक इंग्रजीत अट, हे चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी अट मोठ्या अक्षरात लिहायची लाज वाटत असेल, तर ती अट बदलायला हवी.

सावधान: पैसे घेऊन दिलेल्या गोष्टीला ‘मोफत’ म्हणू नका. फिल्टर सेटचे ५५० रुपये त्या ३,५४० मध्ये आहेत. ‘प्लॅनमध्ये धरलेला’ हा शब्द पुरेसा आहे.

## ४. मेम्ब्रेन कधी बदलणार, हे मोजून ठरवा

‘गरज पडल्यास मेम्ब्रेन’ असं लिहिलं की गरज कोण ठरवणार हा प्रश्न उरतो. दुकान म्हणतं अजून चालेल, गिऱ्हाईक म्हणतं चव बदलली. हा वाद मिटवायला साधा टीडीएस मीटर पुरतो, पण मोजण्याची पद्धत कॅप्शनमध्येच सांगायला हवी.

समजा आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ८२० आहे आणि शुद्ध पाण्याचा ७०. म्हणजे ८२० पैकी ७५० कमी झाले, साधारण ९१ टक्के. मेम्ब्रेन उत्तम. आठ महिन्यांनी त्याच मशीनमध्ये आत ८२० आणि बाहेर १९० आले, तर ६३० कमी झाले, साधारण ७७ टक्के. आम्ही ८० टक्क्यांची रेषा धरतो, तिच्याखाली गेलं की बदलतो. तुम्ही वेगळी रेषा धरली तरी हरकत नाही, पण ती लिहा. टीडीएस कमी येत असून पाणीच फार हळू येत असेल, तर मेम्ब्रेन चोक झालेलं असू शकतं. तिथे पंप आणि सेडिमेंट आधी तपासा, म्हणून ‘मेम्ब्रेन चोक झाल्यासही’ हे तीन शब्द जोडा.

मोजताना एक खबरदारी घ्या. मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल, तर तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. नळातून येणारा १९० हा आकडा तेव्हा मेम्ब्रेनबद्दल काहीच सांगत नाही. कंट्रोलर पूर्ण बंद करून किंवा मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीतून थेट मोजा. हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवा. कॅप्शनमध्ये एवढं पुरे: ‘मोजणी तुमच्यासमोर, कार्डावर नोंद करून’.

आत येणाऱ्या टीडीएसची वरची मर्यादाही इथेच घाला. आमचा हिशेब १,००० पर्यंतच्या पाण्याचा आहे. त्याहून जास्त क्षार असतील तर दर वेगळा, कारण मेम्ब्रेन लवकर जाणार.

## ५. व्हिजिट किती, यापेक्षा कोणत्या आणि कधी

‘वर्षातून ४ व्हिजिट’ ही ओळ दोन तऱ्हांनी वाचली जाते. दुकानाच्या मनात चार ठरलेल्या भेटी असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, चार वेळा बोलावता येईल. चार तक्रारी झाल्यावर ते घाबरून पाचवी तक्रार सांगतच नाही, आणि गळणारं मशीन तसंच राहतं.

म्हणून दोन प्रकारच्या भेटी दोन ओळींत लिहा. ठरलेल्या भेटी: तीन, दर चार महिन्यांनी. पहिली भेट प्लॅन सुरू होतो त्याच दिवशी. मे महिन्यात प्लॅन घेतला तर मे, सप्टेंबर आणि जानेवारी. असं एक उदाहरण कॅप्शनमध्ये दिलं की प्रश्नच उरत नाही. तक्रारीच्या भेटी: लागतील तितक्या, वेगळे पैसे नाहीत, तक्रार नोंदवल्यापासून दोन कामाच्या दिवसांत. ‘त्वरित सेवा’ लिहू नका. पावसाळ्यात मुलाला हडपसरहून लोहगावला पोचायला दोन तास लागतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पाळता येतील तेवढेच दिवस लिहा.

भेटीत काय करणार हेही एका ओळीत हवं, नाहीतर मुलगा येऊन बाहेरून पुसून सही घेऊन जातो. आमच्याकडे प्रत्येक भेटीत स्पन बदलणं, आतली टाकी धुणं, गळती पाहणं आणि दोन्ही टीडीएस लिहिणं ठरलेलं आहे. फिल्टर सेट पहिल्याच भेटीत बदलतो. यामागे कारण आहे. कार्बन थकला की नळाच्या पाण्यातला क्लोरिन मेम्ब्रेनपर्यंत पोचतो आणि मेम्ब्रेन खराब करतो. आधीच्या माणसानं कार्बन कधी बदलला ते ठाऊक नसताना वर्षभर मेम्ब्रेनची जबाबदारी घेणं परवडत नाही.

तपासा: पहिल्या भेटीत मशीन आधीच बिघडलेलं निघालं तर काय, हे ठरलं आहे का? आम्ही मशीन चालू असेल तरच प्लॅन देतो. बंद मशीनची आधी दुरुस्ती, तिचे पैसे वेगळे. ही ओळ कॅप्शनमध्ये नसेल, तर पोस्ट टाकल्यावर पहिल्या आठवड्यात येणारे निम्मे फोन पंप जळलेल्या मशीनचे असतात.

## ६. आता कॅप्शन, याच क्रमानं

पहिल्या ओळीत तीन गोष्टी: कशाचा प्लॅन, एकूण किंमत, काय धरून. इन्स्टाग्रामवर साधारण पहिली १२५ अक्षरंच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. ‘मेम्ब्रेन’ डोळ्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, पण मोजणीत नऊ भरतात. म्हणून ‘पाणी म्हणजे जीवन’सारख्या वाक्यानं सुरुवात केली की किंमत बाहेर राहते.

आमची तयार कॅप्शन अशी:

> घरच्या आरओसाठी वर्षभराचा सर्व्हिस प्लॅन: ३,५४० रुपये, जीएसटीसह. ३ भेटी, फिल्टर सेट आणि मेम्ब्रेन धरून.
>
> ठरलेल्या भेटी: ३, दर ४ महिन्यांनी. पहिली प्लॅन सुरू होतो त्याच दिवशी. उदा. मे, सप्टेंबर, जानेवारी.
> प्रत्येक भेटीत: स्पन बदलणं, टाकी धुणं, गळती तपासणं, टीडीएस मोजून कार्डावर लिहिणं.
> तक्रारीच्या भेटी: लागतील तितक्या, वेगळे पैसे नाहीत. २ कामाच्या दिवसांत येऊ.
>
> फिल्टर सेट (सेडिमेंट, कार्बन, पोस्ट कार्बन): वर्षातून एकदा, पहिल्या भेटीत.
> मेम्ब्रेन: वर्षातून एकदा. टीडीएस ८० टक्क्यांपेक्षा कमी घटत असेल किंवा मेम्ब्रेन चोक झालं असेल तर बदलू. मोजणी तुमच्यासमोर.
> पंप, अ‍ॅडॅप्टर, एसव्ही, यूव्ही ट्यूब: बिघडल्यास बदलून देऊ.
>
> प्लॅनमध्ये नाही: बॉडी व टाकी फुटणं, नळ, उंदरानं कुरतडलेला पाइप, मशीन दुसऱ्या घरी बसवणं.
> प्लॅन चालू मशीनसाठीच. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस १,००० पर्यंत. त्याहून जास्त असल्यास दर विचारा.
>
> भाग: वाघोली, खराडी, लोहगाव. हा दर ३१ मे पर्यंत.
> सोसायटीचं नाव आणि मशीन किती वर्षांचं आहे, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

शेवटच्या ओळीत ‘आजच कॉल करा’ नाही, याकडे लक्ष द्या. सोसायटीचं नाव कळलं की पाणी टँकरचं की पालिकेचं, याचा अंदाज येतो. मशीनचं वय कळलं की कोणते पार्ट जवळ आले आहेत तेही कळतं. पहिल्याच मेसेजमध्ये निम्मी चौकशी संपते. तारखेची ओळ कधीही गाळू नका. पोस्ट फिरत राहते, आणि दोन वर्षांपूर्वीचा दर घेऊन माणूस दारात उभा राहतो.

सावधान: हीच कॅप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना किंमत ठळक करायला दोन्ही बाजूंना `*` लावता येतो. तोच मजकूर इन्स्टाग्रामवर चिकटवला तर तारे जसेच्या तसे दिसतात. दोन प्रती वेगळ्या ठेवा.

## ७. कॅप्शनसोबतचा फोटो

तपकिरी झालेला जुना स्पन आणि शेजारी पांढरा नवा, एवढा फोटो पुरतो. मात्र तो तुमच्याच व्हिजिटचा हवा आणि गिऱ्हाइकाच्या घराचा नंबर त्यात दिसू नये. कंपनीचा लोगो किंवा ‘अधिकृत’ हा शब्द त्या कंपनीचा लेखी परवाना हातात असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पुढे पाठवताना कॅप्शन अनेकदा गळून पडते. म्हणून फोटोवरच किंमत, ‘मेम्ब्रेन धरून’ आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी लिहा.

‘१०० टक्के शुद्ध’, ‘आजारांपासून सुटका’ असलं काही फोटोवरही नको. तुम्ही सर्व्हिस विकता आहात, त्या दाव्यांसाठी तुमच्याकडे कोणतीही तपासणी नाही.

## ८. पोस्ट करण्याआधीची चाचणी

कॅप्शन या धंद्याबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या आणि चार प्रश्न विचारा. मेम्ब्रेन सातव्या महिन्यात गेलं तर किती पैसे द्याल? पाचव्यांदा तक्रार केली तर? नळ तुटला तर? सप्टेंबरात प्लॅन घेतला तर दुसरी भेट कधी? उत्तरं अनुक्रमे शून्य, शून्य, वेगळे पैसे आणि जानेवारी अशी यायला हवीत. एक जरी चुकलं तरी त्या माणसाला समजावत बसू नका, ती ओळ बदला. गिऱ्हाइकाच्या घरी समजावायला तुम्ही नसता.

त्यानंतर कॅप्शन आणि छापील प्लॅन कार्ड शेजारी ठेवून ओळीनं जुळवा. आमच्याकडे एकदा कॅप्शनमध्ये यूव्ही ट्यूब धरलेली होती आणि कार्डावर जुना मजकूर राहिला होता. घरी गेलेल्या मुलानं कार्ड वाचून ट्यूबचे पैसे मागितले. अशा वेळी गिऱ्हाइकानं जे वाचून पैसे भरले तेच खरं धरायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पोस्ट टाकली की तिचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून त्या महिन्याच्या कार्डांच्या फाइलला लावा. पुढे दर किंवा पार्ट बदलले तर जुनी पोस्ट दुरुस्त करू नका. ती काढून नवी टाका, आणि जुन्या पोस्टवरून आलेल्यांची कार्डं वर्ष संपेपर्यंत जुन्याच ओळींप्रमाणे चालवा.